शुद्धिपत्रक की नवी सूचना?

सरकारी कागदपत्रांत 'शुद्धिपत्रक' हा सर्वांत छोटा कागद असतो. बहुधा तीन-चार ओळींचा. आधीच्या कागदाचा क्रमांक, चुकलेला शब्द, त्याऐवजी वाचावयाचा शब्द आणि शेवटी 'उर्वरित मजकूर कायम' हे ठरलेले वाक्य. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत हा साचा वर्षानुवर्षे जसाच्या तसा चालत आला आहे. एखाद्या शासन निर्णयातील लेखाशीर्षाचा आकडा किंवा अधिकाऱ्याचे पदनाम दुरुस्त करावयाचे असेल, तर तो पुरेसाही असतो. कारण असा निर्णय वाचणारा माणूस कार्यालयात बसलेला असतो, मूळ कागद त्याच्या समोर नस्तीत लावलेला असतो आणि दोन्ही ताडून पाहणे हे त्याचे कामच असते.

चूक जेव्हा सभेच्या तारखेत किंवा ठिकाणात होते, तेव्हा मात्र परिस्थिती पार बदलते. आता वाचणाऱ्यापुढे नस्ती नसते. त्याने मूळ सूचना कुठेतरी फळ्यावर वाचलेली असते किंवा कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली असते. त्यातील एकच गोष्ट, म्हणजे कधी आणि कुठे जायचे, ती त्याने लक्षात ठेवलेली असते आणि नेमकी तीच चुकलेली असते. त्याला 'अमुक ऐवजी तमुक वाचावे' असे सांगून भागत नाही, कारण तो आता काही वाचणार नसतो. ठरल्या दिवशी घरातून निघणार असतो. त्याला योग्य दिवशी योग्य ठिकाणी पोहोचविणे हे तारखेच्या शुद्धिपत्रकाचे खरे काम. ते करताना दोन प्रश्न उभे राहतात. चूक शुद्धिपत्रकाने दुरुस्त होण्यासारखी आहे काय, हा पहिला. आणि असेल, तर ते कोणत्या शब्दांत व कोणत्या वाटेने लोकांपर्यंत न्यावे, हा दुसरा.

एका ग्रामसभेचे गणित

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. लोकवस्ती मुख्यतः ग्रामीण. मुख्य गाव, शेजारची वाडी आणि थोड्या अंतरावरचा तांडा मिळून एकच ग्रामपंचायत असणे येथे नवलाचे नाही. अशाच एका गट ग्रामपंचायतीचे उदाहरण कल्पून पाहू. तारखा २०२५ सालच्या जून महिन्यातील घेऊ, म्हणजे वार दिनदर्शिकेशी ताडून पाहता येतील.

सोमवार, २ जून रोजी ग्रामसभेची सूचना निघाली. तीत लिहिले होते, की ग्रामसभा गुरुवार, १२ जून रोजी सकाळी ११ वाजता होईल आणि महिला सभा बुधवार, १८ जून रोजी होईल. ग्रामसभेचा खरा दिवस होता गुरुवार, १९ जून. चूक कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १९ या आकड्याच्या ओळीत शेजारच्या रकान्यातील, नेमक्या एक आठवडा आधीचा आकडा १२ असतो. घाईत नजर एक घर सरकली, की तारीख सात दिवसांनी बदलते, पण वार तोच राहतो. त्यामुळे वार आणि तारीख यांचा मेळ बसतो का, या नेहमीच्या पडताळणीत ही चूक सापडत नाही. तारीख आणि वार जुळत नसतील तर वाचणाऱ्याला निदान शंका तरी येते. येथे तीही सोय नसते.

ही चूक उघडकीस येते ती दुसऱ्याच वाटेने. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. सूचनेत ती ग्रामसभेनंतर सहा दिवसांनी दाखविलेली आहे, हे एखादी सदस्य शुक्रवार, ६ जून रोजी विचारते आणि गोंधळ लक्षात येतो. तारीख तपासण्याचा उत्तम मार्ग हाच असतो. वारापेक्षाही त्याच कागदातील इतर दिवसांशी तिचा संबंध लावून पाहावा.

आता पहिला प्रश्न. ६ जून रोजी दुरुस्ती केली, तर ती चालेल काय? नियमित ग्रामसभेची सूचना किमान ७ दिवस आधी द्यावी लागते. हे दिवस 'पूर्ण' मोजणेच सुरक्षित. म्हणजे सूचना निघाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही वगळायचे. ६ आणि १९ जून यांच्यामध्ये ७ ते १८ असे १२ पूर्ण दिवस उरतात. मुदत भरपूर आहे. शुद्धिपत्रक काढले तरी कोणाचा हक्क जात नाही.

हेच उदाहरण उलटे करून पाहू. समजा, खरी तारीख १२ जून होती आणि सूचनेत १९ जून छापली गेली. ६ जून रोजी दुरुस्ती केली, तर मध्ये ७ ते ११ असे पाचच दिवस उरतात. सात दिवसांची अट मोडते. येथे शुद्धिपत्रक काढून १२ तारखेला सभा घेणे हा चुकीवर चढविलेला दुसरा दोष ठरेल. ६ जून रोजी कागद निघाला, तर नियमात बसणारी सर्वांत जवळची तारीख १४ जून येते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे छापलेली १९ तारीखच कायम ठेवणे. चूक सूचनेत झाली असली तरी लोकांना जी तारीख कळली, तीच खरी करून टाकावी. मग दुरुस्त काही करायलाच नको आणि कोणाची फेरीही फुकट जात नाही.

या दोन दिशांमधील फरक केवळ मुदतीचा नाही. तारीख पुढे गेली आणि ज्याला दुरुस्ती कळली नाही तो माणूस जुन्या दिवशी आला, तर त्याचा एक दिवस जातो. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, एक दिवस ही लहान गोष्ट नव्हे. तरीही तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ शकतो. तारीख अलीकडे आली असेल, तर दुरुस्ती न कळलेला माणूस सभा होऊन गेल्यावर पोहोचतो. त्याच्यासाठी मग काहीच उरत नाही. म्हणून जाणकार लिपिक एक साधा दंडक पाळतात : चूक दुरुस्त करताना दिवस पुढे नेता येतो, अलीकडे आणता येत नाही. आणावाच लागला, तर शुद्धिपत्रक नव्हे, नवी सूचना काढावी आणि मुदत पहिल्यापासून मोजावी.

न आलेल्यांची सभा

तारखेच्या चुकीने नेमके काय बिघडते, हे गणपूर्तीच्या नियमावरून कळते. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी उपस्थिती लागते. १,२०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे १८० होतात. त्यामुळे १०० माणसे पुरतात. ५०० मतदारांच्या गावात ७५ पुरतात. ही संख्या भरली नाही, तर सभा तहकूब होते आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट उरत नाही.

येथेच खरी मेख आहे. समजा, अर्ध्या गावाला १२ तारीख ठाऊक आहे आणि अर्ध्याला १९. दोन्ही दिवशी माणसे कमीच जमणार. सभा तहकूब होईल आणि पुढची सभा, जिला मोजकी माणसे आली तरी चालते, तीत विषय मंजूर होतील. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, गावाचा विकास आराखडा, कोणता रस्ता आधी करायचा, हे विषय ग्रामसभेपुढेच येतात. यादीतून नाव गळालेल्या माणसाला आक्षेप घेण्याची पहिली आणि जवळची जागा तीच असते. तांड्यावरच्या कुटुंबाला तारीख चुकीची कळली आणि त्या सभेत यादी कायम झाली, तर पुढे तालुक्याच्या ठिकाणी अर्ज, अपील, खेटे हे सारे त्याच्या वाट्याला येते. तारीख चुकविली ती मुद्दामच, असा संशय मग गावात धरतो. चूक निखळ नजरेची असली तरी तो दूर करता येत नाही.

'ऐवजी वाचावे' का फसते?

नेहमीच्या साच्यात वरील उदाहरणाचे शुद्धिपत्रक असे निघेल :

'या कार्यालयाच्या दि. ०२/०६/२०२५ च्या सूचनेतील अ. क्र. १ मधील दि. १२/०६/२०२५ ऐवजी दि. १९/०६/२०२५ असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम.'

भाषा निर्दोष आहे, पण या दोन ओळींत तीन तारखा आहेत. त्यांपैकी चुकीची तारीख बरोबर तारखेच्या आधी येते. कशाची सूचना, याचा पत्ताच नाही. वार नाही. ज्याने मूळ सूचना पाहिली नाही, त्याला यातून काहीही कळणार नाही. आणि ज्याने पाहिली, त्याच्या मनात दोन्ही तारखा राहतील. चार दिवसांनी कोणती बरोबर होती, हे त्याला आठवेलच असे नाही. शिवाय 'उर्वरित मजकूर कायम' या वाक्याचा आधार घ्यावा, तर महिला सभेचे काय झाले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. ग्रामसभा पुढे गेली तशी तीही गेली काय?

तोच मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येतो :

'सुधारित सूचना (शुद्धिपत्रक)

ग्रामसभेची बैठक गुरुवार, दि. १९ जून २०२५ रोजी सकाळी ११ वाजता मुख्य गावातील जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात होईल.

दि. २ जूनच्या सूचनेत ही तारीख नजरचुकीने १२ जून अशी लिहिली गेली होती. १२ जून रोजी ग्रामसभा होणार नाही.

वेळ, ठिकाण व विषयपत्रिका पूर्वीचीच आहे. महिला सभा आधी कळविल्याप्रमाणे बुधवार, दि. १८ जून २०२५ रोजीच होईल.'

खाली जावक क्रमांक, ६ जून ही तारीख आणि मूळ सूचनेवर ज्यांची सही होती, त्यांचीच सही. हा कागद साच्यातील कागदापेक्षा दुप्पट लांब आहे. पण तो स्वतःच्या पायावर उभा आहे. मूळ सूचना हरवली तरी याच्यावरून सभेला जाता येते. बरोबर तारीख पहिल्या वाक्यात, वारासह आणि महिन्याचे नाव अक्षरात लिहून दिली आहे. चुकीची तारीख त्यानंतर येते, तीही केवळ ज्याच्या डोक्यात ती बसली आहे त्याने 'माझ्याच सूचनेविषयी हे आहे' असे ओळखावे म्हणून. आणि सर्वांत उपयोगाचे वाक्य आहे, '१२ जून रोजी ग्रामसभा होणार नाही.' ते नसेल, तर दोन सभा आहेत असे समजणारी माणसे निघतातच.

कारण किती सांगावे?

चूक कबूल करताना कार्यालयांची दोन टोके दिसतात. एक तर कारणच नाही. नाहीतर 'संगणकीय तांत्रिक बिघाडामुळे', 'मुद्रणदोषामुळे' अशी सबब. दिनदर्शिकेत नजर एक घर सरकणे यात संगणकाचा काहीच दोष नसतो, हे गावाला कळते. मग उरलेल्या कागदावरचाही विश्वास उडतो. 'नजरचुकीने' हा जुना, साधा शब्द पुरेसा आहे. तो खरा आहे, कोणाचे नाव घेत नाही आणि वाचणाऱ्याला कारणाच्या मागे लावीत नाही. कोणत्या टेबलावर चूक झाली, हे कार्यालयाच्या नस्तीत नोंदवावे; फळ्यावर लिहू नये. लांबलचक दिलगिरीचाही तोटाच होतो. तीत तारीख बुडून जाते.

एक भेद मात्र काटेकोरपणे पाळला पाहिजे. मूळ निर्णय १९ तारखेचाच होता आणि लिहिण्यात १२ झाली, तर ते शुद्धिपत्रक. मूळ निर्णय १२ तारखेचाच होता, पण नंतर कोणाच्या सोयीसाठी किंवा अडचणीमुळे सभा १९ ला न्यायचे ठरले, तर ती चूक नव्हे, तो बदल आहे. त्यासाठी 'सभा पुढे ढकलण्यात आली आहे' असे सरळ लिहावे आणि ती ढकलण्याचा अधिकार ज्याला आहे त्यानेच तसे करावे. बदलाला चुकीचे रूप देणे ही शुद्धिपत्रकाची सर्वांत जुनी खोड आहे. दोहोंत फरक कसा ओळखायचा? आधीच्या टिपणीत किंवा ठरावात कोणती तारीख आहे, ते पाहावे. तेथे १९ असेल तर चूक, १२ असेल तर बदल.

महसुलातही हाच विवेक आहे. सातबारावरील लेखनप्रमाद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त करता येतो, पण मालकीचा वाद त्या वाटेने सोडविता येत नाही. लिहिण्यातील चूक आणि निर्णयातील बदल यांचे दरवाजे वेगळे आहेत.

जेथे शुद्धिपत्रक चालतच नाही

काही सूचना अशा असतात, की त्यांच्यात तारीख आणि ठिकाण हाच मुख्य मजकूर मानला जातो. याचे स्पष्ट उदाहरण पर्यावरणविषयक जनसुनावणीचे आहे. मोठी खाण, कारखाना किंवा धरण यांना पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात तिची पद्धत दिली आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तारीख, वेळ आणि नेमके ठिकाण ठरवायचे. एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात जाहिरात द्यायची. आणि लोकांना किमान ३० दिवस मिळू द्यायचे. जेथे वर्तमानपत्र पोहोचत नाही, तेथे दवंडीसारखी साधने वापरायची, असेही तीत म्हटले आहे.

याच परिशिष्टात पुढे दुरुस्तीचा दरवाजा जवळजवळ बंद केला आहे. एखादी अकल्पित आणीबाणी उद्भवल्याखेरीज सुनावणीची तारीख, वेळ किंवा ठिकाण पुढे ढकलता येत नाही. तेही जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस असेल तरच. ढकलल्याची सूचना त्याच दोन दैनिकांत द्यावी लागते आणि ठरलेल्या कार्यालयांत ठळकपणे लावावी लागते. नवी तारीख जिल्हाधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून मंडळाच्या सदस्य सचिवांनीच ठरवायची आणि सारी प्रक्रिया नव्याने करून जाहीर करायची. म्हणजे पुन्हा ३० दिवस. हिंगोलीत अशी सुनावणी असो वा चंद्रपुरात, 'स्थळ बदलले आहे, नोंद घ्यावी' अशी चार ओळींची चौकट येथे पुरत नाही.

हे ३० दिवस किती गंभीरपणे घ्यायचे, याचा दाखला गोव्यातील आहे. तेथील एका लोहखनिज खाणीच्या मंजुरीला 'उत्कर्ष मंडळ' या संस्थेने आव्हान दिले होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात निकाल देताना, प्रकल्प अहवालाचा सारांश बाधित लोकांना सुनावणीपूर्वी ३० दिवस उपलब्ध होणे आवश्यक होते, असे मानले. प्रश्न तेथे तारखेच्या चुकीचा नव्हता. पण तत्त्व तेच आहे. मुदत ही लोकांना तयारीसाठी दिलेली असते. शुद्धिपत्रकाने ती कापली गेली, तर शुद्धिपत्रक कितीही सुबोध असले तरी सुनावणी सदोष ठरू शकते.

ठिकाणाची चूक

ठिकाणाच्या बाबतीत चुकीपेक्षाही अपुरेपणाच अधिक नडतो. वरच्या उदाहरणातील सूचनेत नुसते 'जिल्हा परिषद शाळा' असे लिहिले असते, तर मुख्य गाव, वाडी आणि तांडा येथील प्रत्येकाने आपापली शाळा धरली असती. कागदात एकही अक्षर चुकीचे नाही आणि तरीही माणसे तीन ठिकाणी जमली असती. जिल्ह्याच्या पातळीवर हीच गोष्ट गावांच्या नावांत होते. संत नामदेवांचे नरसी हिंगोली तालुक्यात आहे. दुसरे नरसी नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यात. दोहोंमध्ये शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर. मराठवाडा पातळीवरच्या एखाद्या मेळाव्याच्या पत्रिकेत 'स्थळ : नरसी' एवढेच असेल, तर ती दुरुस्त करावीच लागेल. वसमत आणि बसमत ही एकाच गावाची दोन रूपेही कागदोपत्री आढळतात. तेथे दोन वेगळी गावे आहेत असा समज परगावच्या माणसाचा होऊ शकतो.

ठिकाणाचे शुद्धिपत्रक काढताना म्हणून नवे नाव देऊन थांबू नये. गाव, तालुका आणि जवळची ओळखीची खूण द्यावी. 'वेळ व तारीख तीच' हे वाक्य आवर्जून घालावे, कारण ठिकाण बदलल्याचे ऐकताच दिवसही बदलला असावा, अशी शंका पहिल्यांदा येते. आणि ठिकाणाच्या चुकीला एक उपाय असा आहे, जो तारखेच्या चुकीला नाही : सभेच्या दिवशी जुन्या ठिकाणी एक माणूस उभा करता येतो. दोन्ही जागा एकाच गावात असतील, तर तो आलेल्यांना वाट दाखवतो आणि कोणाची सभा बुडत नाही. नरसीसारख्या प्रकरणात मात्र त्याचा काहीच उपयोग नाही.

ज्या वाटेने चूक गेली, त्याच वाटेने

सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २१ मध्ये असे तत्त्व आहे, की अधिसूचना किंवा आदेश काढण्याच्या अधिकारातच तो दुरुस्त करण्याचा अधिकार येतो. मात्र दुरुस्तीही त्याच रीतीने, त्याच अटी पाळून करावी लागते. साध्या सूचनांनाही हे तत्त्व कामाला येते. मूळ सूचना फळ्यावर, शाळेत, मंदिराच्या पारावर आणि तांड्यावर लागली असेल, तर दुरुस्ती चारही ठिकाणी लागली पाहिजे. वर्तमानपत्रात दिली असेल, तर त्याच पत्रात, शक्यतो त्याच पानावर. यासाठी मूळ सूचना कुठे-कुठे लावली, याची यादी नस्तीत असणे भाग असते. ती नसली की दुरुस्ती नेमकी तांड्यावर पोहोचत नाही.

फळ्यावर जुना आणि नवा असे दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवू नयेत. जुना काढून नस्तीत लावावा. पुढे वाद झाला, तर पुराव्यासाठी तो लागतो. दवंडीत चुकीची तारीख उच्चारूच नये. लिहिलेले पुन्हा वाचता येते, ऐकलेले येत नाही. 'बारा नव्हे, एकोणीस' असे ओरडून सांगितले, तर दुरून ऐकणाऱ्याच्या कानावर 'बारा' तेवढे पडायचे. 'ग्रामसभा येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी' असला हिशेबही नको. 'ग्रामसभा गुरुवारी, एकोणीस तारखेला, सकाळी अकराला, मोठ्या गावच्या शाळेत' एवढेच पुरे.

व्हॉट्सॲपवरचे प्रकरण अधिक अवघड. जुन्या सूचनेचे छायाचित्र एका गटातून दुसऱ्या गटात गेलेले असते आणि ते मागे घेणे कोणाच्याच हाती नसते. मूळ गटातून संदेश पुसला तरी पुढे गेलेल्या प्रती राहतातच. म्हणून नुसती दुरुस्तीची ओळ न टाकता संपूर्ण सुधारित सूचनेचे छायाचित्र टाकावे आणि त्यावर निघाल्याची तारीख ठळक असावी. दोन छायाचित्रे समोर आली, की नंतरचे कोणते, हे ६ जून आणि २ जून यांवरून तरी कळते. तारखेचा कागदच बिनतारखेचा असेल, तर शुद्धिपत्रकाचे दुसरे शुद्धिपत्रक काढण्याची वेळ येते.

शेवटचे काम असते ते १२ जूनचे. त्या दिवशी, सूचनेत छापलेल्या वेळी, शाळेच्या पटांगणात कोणीतरी असले पाहिजे. ग्रामपंचायतीचा शिपाई असो वा ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक. दहा माणसे आली, तर त्यांना सुधारित सूचना हाती द्यावी आणि ती कोणत्या वस्तीतून आली, ते टिपून घ्यावे. दहापैकी आठ जण तांड्यावरचे निघाले, तर दुरुस्ती कुठे पोहोचली नाही, हे त्याच दुपारी कळते आणि १९ तारखेला अजून सहा पूर्ण दिवस असतात.

शहरातील वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी १४ पूर्ण दिवसांची आणि विशेष सर्वसाधारण सभेसाठी ५ पूर्ण दिवसांची सूचना सांगितली आहे. जिन्यातल्या फळ्यावर पुनर्विकासाच्या सभेची तारीख खोडून दुसरी लिहिलेली दिसली, तर सदस्याने आधी दिवस मोजावेत. खोडलेल्या तारखेशेजारी सही आणि दुरुस्तीचा दिवस आहे काय, ते पाहावे. तारीख पुढे गेली आहे की अलीकडे आली आहे, तेही पाहावे. पुढे गेली असेल तर बहुधा चूकच दुरुस्त झालेली असते. अलीकडे आली असेल आणि मध्ये पुरेसे दिवस उरत नसतील, तर चिटणीसांकडे लेखी हरकत घेऊन नवी सूचना मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.